एक लिटर पाणी, वीस गुंठे धुकं

झोपेत आपण मिनिटाला साधारण सहा लिटर हवा आत घेतो. आठ तासांचा हिशेब केला तर ती तीन हजार लिटरच्या आसपास, म्हणजे जवळजवळ तीन घनमीटर भरते. खोलीतली हवा थंड असो, गरम असो, कितीही कोरडी असो, फुप्फुसांच्या टोकाशी पोचेपर्यंत ती ३७ अंशांपर्यंत तापलेली आणि पाण्याच्या वाफेने काठोकाठ भरलेली असावी लागते. त्या तापमानाला एका घनमीटर हवेत ४४ ग्रॅम पाणी मावतं. ते पुरवण्याचं काम रात्रभर, आपल्या नकळत, मुख्यतः नाक करतं.

नाकाच्या आत वळणावळणाच्या नाजूक हाडांवर ओलसर अस्तर असतं आणि त्याखाली रक्तवाहिन्यांचं दाट जाळं असतं. आत जाणारी हवा या वळणांना घासत जाते, ऊब घेते, पाणी घेते. खरी गंमत परतीच्या वाटेवर आहे. श्वास बाहेर पडताना तीच हवा आता थंड झालेल्या अस्तरावरून जाते आणि घेतलेल्या पाण्यातला काही भाग तिथेच परत ठेवून जाते. एवढी काटकसर करूनही रात्रीतून ऐंशी ते शंभर मिलिलिटर पाणी श्वासावाटे निघून जातंच.

आता नाक चोंदलं, तोंड उघडं पडलं आणि श्वास तोंडावाटे सुरू झाला, की हे काम जीभ, टाळू आणि घशाच्या मागच्या भिंतीवर येऊन पडतं. त्यांची ही नोकरीच नव्हे. त्यातच झोपेत लाळ सुटणं जवळजवळ थांबतं आणि आवंढा गिळणंही कमी होतं. पहाटे जीभ टाळ्याला चिकटते, घशाला कोरड पडते, पहिला शब्द घोगरा निघतो, तो या सगळ्यामुळे.

यात हवेचा दोष किती आणि नाकाचा किती, हे ह्युमिडिफायर विकत घेण्याआधी ठरवायला हवं. त्यासाठी हायग्रोमीटर नावाचं छोटंसं आर्द्रतामापक पुरतं. उशीजवळ ठेवायचं आणि झोपताना व उठताना आकडा बघायचा. मुंबईत एसी लावून झोपणाऱ्या मंडळींना हा आकडा बहुधा बुचकळ्यात टाकतो. एसी हवेतलं पाणी काढून घेतो हे खरं, पण किनाऱ्यावरच्या हवेत मुळात पाणीच इतकं असतं, की काढून झाल्यावरही आर्द्रता बरेचदा पंचेचाळीस-पन्नास टक्के उरते. एवढ्या हवेत घसा सुकत असेल तर कारण चोंदलेलं नाक असेल, घोरणं असेल, वर येणारं पित्त असेल किंवा सर्दीची झोप आणणारी गोळी असेल. तिथे ह्युमिडिफायर लावून फारसं काही साधणार नाही. बुरशीला मात्र बरं वाटेल.

हवा खरोखर कोरडी असते ती वेगळ्याच ठिकाणी. मेमधली नागपूरची दुपार घ्या: ४२ अंश तापमान, १५ टक्के आर्द्रता, ओठ फुटतात, कूलरपुढून हलवत नाही. आणि जानेवारीतलं शिकागो घ्या: उणे १० अंश, ७० टक्के आर्द्रता, आभाळ भरलेलं, रस्त्याकडेला बर्फ. यातली कोरडी हवा कोणती? नागपूरच्या त्या दुपारी एका घनमीटरमध्ये साडेआठ ग्रॅमच्या आसपास पाणी असतं, शिकागोत जेमतेम दीड ग्रॅम. ७० टक्के हा आकडा ‘मावू शकेल त्याच्या’ सत्तर टक्के एवढंच सांगतो, आणि थंडगार हवेत मावतंच फार थोडं. हीच हवा फटींमधून घरात शिरते आणि हीटर ती २१ अंशांपर्यंत तापवतो. पाणी तेवढंच, मावण्याची जागा मात्र कितीतरी वाढलेली, त्यामुळे आर्द्रता आठ टक्क्यांपर्यंत उतरते. स्वयंपाक, आंघोळी आणि माणसांचे श्वास यांनी ती पंधरा-वीसपर्यंत सावरते, एवढंच.

माझी भाची शिकागोजवळच्या नेपरव्हिलला राहते. तिथल्या थंडीत तिच्या झोपण्याच्या खोलीतला आकडा १७ होता. “मामा, दाराच्या कडीला हात लावला तरी चटका बसतो,” ती फोनवर सांगत होती. कोरड्या हवेत अंगावर साठलेली स्थिर वीज कडीवर उतरते, तो चटका. तिची खोली चार मीटर लांब, तीन मीटर रुंद, उंची पावणेतीन मीटरच्या आत, म्हणजे हवा साधारण ३२ घनमीटर. तिथली आर्द्रता १७ वरून ४० टक्क्यांवर न्यायला किती पाणी लागेल? जेमतेम १३५ मिलिलिटर, चहाच्या कपाएवढं! पण घर काही हवाबंद डबा नसतं. दाराखालून, खिडकीच्या फटीतून तासाभरात खोलीतली निम्मी हवा बदलली, तर दर तासाला आणखी ६५-७० मिलिलिटर पाणी घालावं लागतं. आठ तासांचं मिळून पाऊण लिटरच्या घरात जातं. गाद्या, पडदे आणि भिंतीही सुरुवातीला आपला वाटा पिऊन घेतात. म्हणून दीड-दोन लिटरची टाकी एका खोलीला, एका रात्रीला पुरते, आणि दार सताड उघडं ठेवलं तर काहीच पुरत नाही.

हे पाणी हवेत चढवण्याच्या तऱ्हा तीन. काही यंत्रं पाणी उकळून वाफ सोडतात. काहींमध्ये ओली वात किंवा जाळी असते आणि पंखा तिच्यातून हवा ओढतो. विदर्भातल्या वाळ्याच्या ताट्यांच्या कूलरचंच हे धाकटं भावंड. आणि सगळ्यात जास्त खपतं ते अल्ट्रासॉनिक: स्वस्त, वीज कमी खाणारं, जवळजवळ निःशब्द, तोटीतून पांढरं धुकं सोडणारं. भाचीकडेही तेच आहे.

त्याची टाकी उचलली की खाली तबकासारखा खळगा दिसतो आणि त्याच्या तळाशी सुमारे दोन सेंटिमीटर व्यासाची एक चकती. हिला वीज दिली की ही थरथरते, सेकंदाला साधारण १७ लाख वेळा. वरच्या पाण्यात त्यामुळे इतक्या बारीक लाटा उठतात, की त्यांच्या शेंड्यांवरून थेंब तुटून उडतात. ध्वनीने पाण्याचं धुकं होतं हे १९२७ साली रॉबर्ट वुड आणि आल्फ्रेड लूमिस या अमेरिकी शास्त्रज्ञांनी नोंदवलं. लाटेची लांबी आणि थेंबाचा आकार यांचं नातं रॉबर्ट लँग यांनी १९६२ मध्ये मांडलं. त्या सूत्रात १७ लाख हा आकडा घातला तर थेंबाचा व्यास निघतो तीन मायक्रॉनच्या आसपास. माणसाचा केस याच्या वीसपट तरी जाड असतो. एका लिटर पाण्याचे असे सुमारे सत्तर लाख कोटी थेंब होतात आणि त्या सगळ्यांचा पृष्ठभाग एकत्र पसरला तर तो दोन हजार चौरस मीटर, म्हणजे वीस गुंठे भरतो! पलंगाशेजारच्या टेबलावरून, रात्रभर, आवाज न करता, वीस गुंठे. एवढ्या उघड्या अंगाने पाणी क्षणात वाफ होऊन जातं यात नवल नाही.

मात्र इथे एक बारकावा आहे आणि पुढची सगळी कहाणी त्यावर उभी आहे. उकळणाऱ्या किंवा ओल्या वातीच्या यंत्रातून हवेत जाते ती पाण्याची वाफ, निव्वळ पाणी. पाण्यातले क्षार मागे भांड्यात किंवा वातीवर राहतात. अल्ट्रासॉनिक यंत्र वाफ करत नाही, ते अख्खा थेंब उडवतं. थेंबात जे काही असेल तेही त्याच्यासोबत उडतं. थेंब हवेत सुकला की पाणी वाफ होतं आणि उरलेलं सगळं अतिसूक्ष्म कण होऊन तरंगत राहतं.

नेपरव्हिलला मिशिगन सरोवराचं पाणी येतं. त्यात लिटरमागे दीडशे ते दोनशे मिलिग्रॅम विरघळलेले क्षार धरले, तर पाऊण लिटरमधून सव्वाशे-दीडशे मिलिग्रॅम क्षार एका रात्रीत हवेत जातात. वजनाने चिमूटभरही नाही, पण एकेक कण मायक्रॉनच्या दहाव्या भागाएवढा, श्वासनळीतून सहज खोल उतरणारा. सकाळी कपाटाच्या काळ्या दारावर, आरशावर, मोबाइलवर जी पांढरट भुकटी बसते ती हीच. खोलीत हवाशुद्धीकरणाचं यंत्र असेल तर त्याचा दिवा लाल होतो आणि लोकांना वाटतं यंत्र बिघडलं. बिघडलेलं काही नसतं, त्याने खरोखरचे कण मोजलेले असतात. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९९१ च्या आपल्या पत्रकात अशा यंत्रात नळाचं पाणी न घालण्याची शिफारस केली आहे, ती यासाठी. डिस्टिल्ड पाणी सर्वांत चांगलं. आपल्याकडे आरओचं पाणी बऱ्यापैकी चालतं, भुकटी खूप कमी होते. उकळून गार केलेल्या पाण्यातले जंतू मरतात, पण बरेचसे क्षार तसेच राहतात. आणि एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी ‘डिस्टिल्डच की’ म्हणून वापरणारी मंडळी मी पाहिली आहेत. ते पाणी वाफेतूनच झालेलं असतं, कबूल, पण महिनोन्‌महिने न धुतलेल्या कॉइलवरून आणि तबकातून वाहत आलेलं असतं.

क्षारांसोबत दुसरंही काही उडतं. टाकीत दोन दिवस पाणी तसंच राहिलं, की तळाला बोट लावल्यावर बुळबुळीत लागतं. हा जिवाणूंनी स्वतःभोवती विणलेला चिकट थर असतो. कडेला गुलाबी-नारिंगी रेघ दिसते, तीही जिवाणूंचीच. झाकणाच्या रबरी कडीखाली, तोटीच्या आत, जिथे पाणी साचत नाही पण ओल असते, तिथे काळे-हिरवट ठिपके उमटतात, ती बुरशी. यंत्र सुरू केल्यावर पहिल्या काही मिनिटांत ओल्या फडक्यासारखा कुबट वास आला, तर ठिपके दिसत नसले तरी ते कुठेतरी आहेत असं समजावं. आरओच्या पाण्यातून क्लोरीनही गेलेलं असतं, त्यामुळे ते तर आणखी लवकर नासतं. मग चकती इमानेइतबारे आपलं काम करते आणि हा सगळा ऐवज तीन-तीन मायक्रॉनच्या थेंबांत भरून झोपलेल्या माणसाकडे पाठवते.

यातून काय होऊ शकतं, याचं एक उदाहरण सायप्रसमधलं. २००८ च्या डिसेंबरात तिथल्या एका खासगी रुग्णालयात नवजात बाळांच्या खोलीत नळाचं पाणी भरलेला अल्ट्रासॉनिक ह्युमिडिफायर लावलेला होता. त्या पाण्यात लिजिओनेला हा जिवाणू होता. नऊ बाळांना संसर्ग झाला, त्यातली तीन दगावली.

मग पाण्यातच जंतुनाशक का घालू नये? हा प्रश्न इतका साहजिक आहे, की त्याभोवती दक्षिण कोरियात एक अख्खी बाजारपेठ उभी राहिली होती. कोरियातला हिवाळा कोरडा, घरांची जमीन खालून तापवलेली, आणि तान्ह्या बाळाच्या खोलीत ह्युमिडिफायर असणं ही तिथली रीतच. टाकीत बुरशी धरू नये म्हणून पाण्यात झाकणभर घालायचं द्रावण १९९४ पासून तिथे दुकानांत मिळू लागलं. पुढे अनेक कंपन्यांची अशी द्रावणं आली. त्यातल्या काहींमध्ये पीएचएमजी नावाचं रसायन होतं. कातडीला लागलं किंवा थोडं पोटात गेलं तर ते फारसा त्रास देत नाही, म्हणून सुरक्षित समजलं गेलेलं. श्वासावाटे फुप्फुसात गेल्यावर ते काय करतं, हे बाजारात येण्याआधी कोणी तपासलंच नव्हतं.

२०११ च्या वसंतात सोलच्या एका मोठ्या रुग्णालयात गरोदर आणि नुकत्याच बाळंत झालेल्या काही स्त्रिया एकामागून एक दाखल झाल्या. धाप लागलेली, फुप्फुसं झपाट्याने निबर होत चाललेली, आणि जंतू कुठलाच सापडेना. बालरोगतज्ज्ञ लहान मुलांमध्ये असाच आजार काही वर्षांपासून, दर हिवाळ्याच्या अखेरीला, पाहत होते. इजा फुप्फुसांतल्या बारीक श्वासनलिकांभोवती केंद्रित होती, म्हणजे कारण श्वासातून येत होतं. आजारी माणसांच्या आणि निरोग्यांच्या घरातल्या सवयी ताडून पाहिल्या तेव्हा फरक सापडला तो ह्युमिडिफायरमध्ये घालायच्या द्रावणाचा. त्या ऑगस्टअखेर सरकारने ही शंका जाहीर केली, नोव्हेंबरात उत्पादनं बाजारातून परत मागवली, आणि नंतर नवे रुग्ण दिसायचे थांबले. तोवर सतरा वर्षं उलटली होती. बाधित म्हणून सरकारने मान्यता दिलेल्यांची संख्या पुढे पाच हजारांवर गेली. आई-वडिलांनी हे मुलांच्या काळजीपोटी, रोज रात्री, आपल्या हाताने टाकीत ओतलं होतं, हे वाचताना हात थबकतो.

आपल्याकडे जंतुनाशक नाही, पण नीलगिरीचं तेल, कापूर, छातीला चोळायचा बाम टाकीत सोडायचा मोह नक्की होतो. अल्ट्रासॉनिक यंत्रात तेही थेंबांवर स्वार होऊन खोल उतरतं, वर प्लॅस्टिकला तडे जातात ते वेगळेच. वाफारा घ्यायचा तर पातेल्यात घ्यावा. टाकीत फक्त पाणी. जे काही जंतुनाशक लावायचं ते यंत्र बंद असताना लावायचं आणि पुन्हा पाणी भरण्याआधी पूर्ण धुऊन टाकायचं.

भाचीने बसवलेला नेम असा. रोज सकाळी प्लग काढायचा, टाकी रिकामी करायची. खळग्यात चकतीवर वाटीभर पाणी उरलेलं असतं, ते बहुतेक लोक विसरतात, तेही ओतायचं, पण हवा सुटण्याच्या भोकाकडून नव्हे, विरुद्ध बाजूने, नाहीतर पाणी मोटरीत जातं. टाकी, झाकण, खळगा कोरड्या फडक्याने पुसून दिवसभर उघडे ठेवायचे. संध्याकाळी ताजं पाणी, लागेल तेवढंच.

दर तिसऱ्या दिवशी खरी सफाई. तिचे टप्पे दोन आणि क्रम महत्त्वाचा. आधी क्षार काढायचे, कारण त्यांच्या खरबरीत थराच्या आडोशालाच जिवाणू तग धरतात. पांढरं व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन खळग्यात ओतायचं आणि अर्धा तास ठेवायचं. व्हिनेगर नसेल तर लिटरभर कोमट पाण्यात मोठा चमचाभर लिंबूसत्त्व चालतं. पांढऱ्या थरावर बारीक बुडबुडे येताना दिसतात: चुन्याचा कार्बोनेट विरघळतो आहे. मग मऊ ब्रशने कडा आणि कानात घालायच्या कापसाच्या काडीने चकती अलगद पुसायची. चकती सुरीने किंवा तारेच्या घासणीने खरवडली, की तिचा मुलामा जातो आणि धुकं मंदावतं. टाकी हलवून खंगाळायची, तोटी आणि रबरी कडी सोडवून घासायची. मग सगळं साध्या पाण्याने धुवायचं.

व्हिनेगरने क्षार जातात, जंतू मात्र पुरते जात नाहीत. म्हणून दुसरा टप्पा तीन टक्क्यांच्या हायड्रोजन पेरॉक्साइडचा. अमेरिकेत तपकिरी बाटलीत ते तयार मिळतं. आपल्या औषधांच्या दुकानात बहुधा सहा टक्क्यांचं, ‘२० व्हॉल्यूम’ लिहिलेलं असतं, त्यात तेवढंच पाणी मिसळायचं. पाण्याला लागणारा प्रत्येक भाग त्याने ओला करून अर्धा तास राहू द्यायचा. नंतर तीन-चारदा धुवायचं. पेरॉक्साइड निवडायचं कारण असं, की त्याचं शेवटी पाणी आणि ऑक्सिजनच होतं. तरीही ते व्हिनेगरमध्ये मिसळायचं नाही, दोन्ही मिळून डोळे-घसा झोंबवणारं पेरॲसिटिक अ‍ॅसिड होतं. व्हिनेगर आणि ब्लीच तर चुकूनही एकत्र येऊ द्यायचं नाही, क्लोरीन वायू निघतो. विजेचा भाग असलेलं बूड नळाखाली धरायचं नाही, हे सांगायची गरज पडू नये, पण पडते.

टाकीतली बुरशी गेली तरी भिंतीवरची येऊ शकते. २१ अंशांच्या खोलीत आर्द्रता ५० टक्के असेल, तर १० अंशांपर्यंत गार झालेल्या कोणत्याही पृष्ठभागावर पाणी साचू लागतं. उणे दहाच्या रात्री खिडकीची काच आणि कपाटामागचा बाहेरच्या भिंतीचा कोपरा त्याच्याही खाली जातो. भाचीच्या खिडकीची चौकट सकाळी ओली दिसू लागली, तेव्हा तिने यंत्र ४० वरून ३५ टक्क्यांवर आणलं. घशाला फरक कळला नाही, चौकट कोरडी राहिली. यंत्र जमिनीवर न ठेवता कमरेएवढ्या उंचीवर, भिंतीपासून आणि उशीपासून चार-पाच फूट दूर ठेवलं. मापक धुक्याच्या झोतात असेल तर तो खोलीचा नव्हे, झोताचा आकडा दाखवतो.

एवढं करूनही खोकला, बारीक ताप, छातीत जडपणा सुरू झाला आणि चार दिवस परगावी गेल्यावर तो आपोआप ओसरून घरी परतताच पुन्हा उमटला, तर यंत्र बंद करावं आणि डॉक्टरांना ह्युमिडिफायर वापरतो हे आपणहून सांगावं, कारण ते विचारतीलच असं नाही. हवेतल्या बुरशीची आणि जिवाणूंची फुप्फुसांना होणारी ॲलर्जी अशीच वागते. अमेरिकेत १९७० मध्ये एका कार्यालयातल्या कर्मचाऱ्यांच्या अशाच आजाराचं मूळ तिथल्या वातानुकूलन यंत्रात वाढलेल्या जिवाणूंत सापडलं होतं.

हिवाळा सरला की यंत्र दोन्ही टप्प्यांनी धुऊन, सगळे भाग सुटे करून दोन दिवस वाळवायचे आणि झाकण न लावता खोक्यात ठेवायचे. वातीचं यंत्र असेल तर वात टाकून द्यायची. पुढच्या हंगामात खोकं उघडल्यावर भरण्याआधी एक सफाई पुन्हा, कारण सहा महिन्यांची धूळ टाकीत गेलेली असतेच.